घरात शिरताना निघण्याचा हिशेब

भाड्याचं घर बघायला गेलेला माणूस नळ सोडून पाण्याचा जोर बघतो, खिडकीतून कोणाचं घर दिसतं ते बघतो, पार्किंगची जागा मागतो, शाळेची बस फाटकाशी येते का ते विचारतो. करार मात्र तो शेवटच्या दिवशी पाहतो. टोकन देऊन झालेलं असतं, टेम्पोवाल्याला रविवार सांगितलेला असतो, आणि एजंट लॅपटॉप व अंगठ्याचं यंत्र घेऊन दारात उभा असतो. ‘सगळं स्टँडर्ड आहे सर, इथे थंब द्या.’ दहा मिनिटांत मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, दोन साक्षीदार, आधारची पडताळणी, कॅमेऱ्यासमोर एकेक फोटो. आठवड्याभरात नोंदणी झालेली पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि त्यातली कलमं पहिल्यांदा वाचली जातात ती बहुधा घर सोडायच्या वेळी.

महाराष्ट्रात आज राहत्या घराचा जो करार होतो तो जवळजवळ नेहमी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असतो. त्यात मालक ‘लायसन्सर’, आपण ‘लायसन्सी’, आणि भाड्याला ‘लायसन्स फी’ किंवा ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणतात. घरात राहण्याची ही ठरावीक मुदतीची परवानगी असते. जुन्या पागडीच्या भाडेकरूला मिळणारं संरक्षण इथे नसतं. ते संरक्षण नसल्यामुळेच आपले हक्क काय, हे बहुतांशी त्या कागदावर काय लिहिलंय यावर ठरतं. आणि त्या कागदातली लॉक-इन, नोटीस आणि डिपॉझिट ही तीन कलमं वेगवेगळ्या पानांवर छापलेली असली तरी त्यांचा हिशेब एकच आहे: ठरलेल्या मुदतीआधी निघावं लागलं तर किती पैसे सोडून निघावं लागेल?

आकडे घेऊन बघू. पुण्यात वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं २४,००० रुपये, डिपॉझिट तीन महिन्यांचं म्हणजे ७२,००० रुपये. करार ११ महिन्यांचा, १ जून २०२५ ते ३० एप्रिल २०२६. लॉक-इन ६ महिन्यांचं, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत. नोटीस एक महिन्याची. यात वावगं काहीच दिसत नाही, बाजारात असेच करार होतात. आता समजा, सप्टेंबरच्या ५ तारखेला नवऱ्याची बदली नागपूरला झाली आणि १ ऑक्टोबरला तिथे हजर व्हायचं आहे.

अशा करारांत लॉक-इनचं एक कलम सर्रास आढळतं. त्याचा आशय असा: लॉक-इनच्या काळात मालक घर सोडायला सांगणार नाही आणि भाडेकरूही आपणहून सोडणार नाही. तरीही भाडेकरूने कोणत्याही कारणाने घर सोडलं, तर लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांचं ठरलेलं भाडं तो मालकाला देईल. उलट, मालकाने घर सोडायला सांगितलं, तर भाडेकरूला झालेल्या नुकसानीची आणि गैरसोयीची भरपाई मालक देईल.

पहिल्या वाचनात हे अगदी समतोल वाटतं. दुसऱ्यांदा वाचलं की लक्षात येतं, भाडेकरूने करार मोडला तर आकडा ठरलेला आहे, दोन महिने उरले असतील तर दोन महिन्यांचं भाडं. मालकाने मोडला तर? ‘नुकसानीची आणि गैरसोयीची भरपाई’. किती, कधीपर्यंत, कोण ठरवणार, याचा पत्ता नाही. टेम्पोचं भाडं, नव्या घराची दलाली, नव्या करारनोंदणीचा खर्च हे सगळं भाडेकरूने मालकाकडे मागायचं आणि मालक नाही म्हणाला तर कोर्टात सिद्ध करायचं. म्हणून इथे मागायची दुरुस्ती साधी आहे: दोन्ही बाजूंना तोच आकडा. ‘लॉक-इनमध्ये जो पक्ष करार मोडेल तो दुसऱ्याला एक महिन्याचं भाडं देईल,’ असं एक वाक्य पुरतं. ज्या मालकाचा घर मधेच विकायचा बेत नाही त्याला यावर आक्षेप घ्यायचं कारण नसतं. आणि तो घेतलाच, तर तीही एक माहिती आहे.

‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांवरही बोट ठेवा. बदली, नोकरी जाणं, घरातलं आजारपण, सगळं त्यात येतं. मालकाची जबाबदारी असलेली गळती दोन महिने दुरुस्त न झाल्याने तुम्ही निघालात, तरी या शब्दांच्या आधारे मालक वाद घालू शकतो. कंपनीच्या बदलीचं पत्र दाखवल्यास लॉक-इन लागू राहणार नाही, फक्त नोटीस द्यावी लागेल, अशी सूट पुष्कळ मालक मान्य करतात. पण ती मागावी लागते, आपणहून कोणी लिहीत नाही.

आता नोटिशीचं कलम. बदलीची बातमी ५ सप्टेंबरला आली. जोडप्याला वाटतं, आज नोटीस दिली की ५ ऑक्टोबरला मोकळे. पण नोटिशीचं कलम बहुधा ‘लॉक-इनच्या अटीला अधीन राहून’ अशा शब्दांनी सुरू होतं, म्हणजे लॉक-इन संपेपर्यंत ते जागंच होत नाही. मग प्रश्न येतो, लॉक-इन चालू असताना नोटीस देऊन ठेवता येते का? ३१ ऑक्टोबरला नोटीस देऊन ३० नोव्हेंबरला, लॉक-इनच्या शेवटच्या दिवशी, निघता येईल का? की लॉक-इन संपल्यावर, १ डिसेंबरला नोटीस द्यायची आणि ३१ डिसेंबरला निघायचं? करारात याबद्दल शब्द नसेल, तर भाडेकरू पहिला अर्थ धरतो आणि मालक दुसरा. दुसऱ्या अर्थाने सहा महिन्यांचं लॉक-इन प्रत्यक्षात सात महिन्यांचं होतं, आणि फरक २४,००० रुपयांचा पडतो. ‘नोटीस लॉक-इनच्या काळातही देता येईल, मात्र तिची मुदत लॉक-इन संपण्याआधी पूर्ण होणार नाही,’ एवढं लिहून घेतलं की हा वाद उगवतच नाही.

हे जोडपं ३० सप्टेंबरला निघालं, तर मालकाचा कडक हिशेब असा होईल: लॉक-इनचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, ४८,००० रुपये. वर नोटिशीच्या महिन्याचे २४,०००. एकूण ७२,०००. डिपॉझिट किती होतं? ७२,०००. म्हणजे चार महिने राहून पाच पैसेही परत नाहीत, आणि मालकाने वर रंगकामाचा खर्च काढला तर उलट यांच्याच नावावर बाकी. लॉक-इनचं उरलेलं भाडं आणि नोटिशीचा पगार दोन्ही एकाच वेळी मागणं मला तरी सरळ लूट वाटते, कारण उरलेल्या लॉक-इनचे पैसे दिले की नोटिशीचा महिना त्यातच आला. पण करारात ‘दोन्हींपैकी एकच’ असं लिहिलेलं नसेल तर मागणारे मागतात.

कायदा इतका एकतर्फी नाही, हेही सांगायला हवं. भारतीय करार कायदा, १८७२ मधल्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की नुकसान झालंच नसेल तर भरपाईही नाही. तेव्हा वाकडच्या मालकाला १५ ऑक्टोबरपासून तेवढ्याच भाड्याने नवा भाडेकरू मिळाला, तर त्याचं खरं नुकसान साधारण पंधरा दिवसांच्या भाड्याचं, १२,००० रुपयांच्या आसपास, असा युक्तिवाद करता येतो. तो भक्कमही आहे.

मेख इथे आहे की डिपॉझिट मालकाच्या खात्यात आहे. तुमच्याकडे भाडं येणं असतं तर मालकाला दावा लावावा लागला असता. इथे त्याला काहीच करावं लागत नाही, नुसतं परत द्यायचं नाही. कोर्टाची पायरी चढायची पाळी तुमच्यावर येते, आणि तुम्ही तर नागपूरला गेलेले. साठ हजारांसाठी वकील करून पुण्याला तारखांना कोण येतं? म्हणून लॉक-इनचं कलम कायद्यात किती टिकेल, यापेक्षा डिपॉझिट किती आणि ते कधी, कसं परत मिळणार, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

डिपॉझिटवर महाराष्ट्रात कायद्याची कमाल मर्यादा नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि आपल्याकडे कारभार चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार. त्या कायद्याने मालकाला डिपॉझिट घ्यायला मुभा दिलेली आहे. तेव्हा रकमेची घासाघीस आपली आपणच करायची. माझं मत विचाराल तर भाड्याचे पाचशे रुपये कमी करून घेण्यापेक्षा डिपॉझिटचा एक महिना कमी करून घ्या. अकरा महिन्यांचे साडेपाच हजार वाचण्यापेक्षा अडकणारे चोवीस हजार कमी झालेले बरे.

दिलेली पूर्ण रक्कम करारात, बँकेच्या व्यवहार क्रमांकासह, लिहिलेली आहे ना, हे बघा. काही मालक म्हणतात, ‘पन्नास हजार करारात दाखवू, बाकीचे रोख द्या, स्टॅम्प ड्युटी वाचेल.’ हे कारण हिशेबात बसत नाही. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क आहे ०.२५ टक्के, आणि परत करायच्या डिपॉझिटवर ते पूर्ण रकमेवर लागतच नाही, त्या रकमेवर वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर लागतं. २२,००० रुपये करारातून गाळले तर शुल्क वाचेल साडेपाच रुपयांच्या आसपास. साडेपाच रुपयांसाठी बावीस हजारांचा पुरावा घालवायचा का?

परतफेडीच्या वाक्यात मग दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, वेळ. ‘घराचा ताबा देताना’ हे शब्द उत्तम. ‘ताबा दिल्यानंतर ४५ दिवसांत’ हे वाईट, आणि ‘नवीन भाडेकरू मिळाल्यावर’ हे सर्वांत वाईट, कारण त्यात तारीखच नाही. विजेचं शेवटचं बिल यायचं असतं, ही मालकाची अडचण खरी असते. तिच्यावर उतारा म्हणजे निघायच्या दिवशी महावितरणच्या मीटरचा आणि गॅसच्या मीटरचा फोटो काढायचा, अंदाजाने दोन-तीन हजार मागे ठेवायचे आणि बाकीचं त्याच दिवशी घ्यायचं. हेच करारात लिहून घेता येतं.

दुसरी गोष्ट, कापायची यादी. ‘थकीत रक्कम आणि नुकसानभरपाई वजा करून’ इतकं मोघम वाक्य असेल, तर भिंतीवरचा खिळा, बेसिनवरचा पांढरा डाग आणि सोफ्यामागे काळवंडलेला रंग हे सगळं नुकसानीत मोडू शकतं. ‘नेहमीच्या वापरातली झीज वगळून’ हे शब्द तिथे हवेत. पुष्कळ करारांत घर कसंही ठेवलं तरी रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं कापण्याची अट असते. ती निमूट मान्य करू नका. निदान ११ महिन्यांत निघणाऱ्याकडून पूर्ण घराचा रंग का, एवढं विचारा. आणि घरात शिरताना रंग नवा नव्हता, तर त्याचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा. फर्निचर, पंखे, गीझर, चिमणी यांची यादी कराराला जोडलेली असते. त्यातला गीझर चालतो का, हे यादीवर अंगठा देण्याआधी चालवून बघायचं असतं.

डिपॉझिट मिळणार नाही असा संशय आला की भाडेकरू दोनपैकी एक डाव टाकतात. शेवटच्या दोन-तीन महिन्यांचं भाडं देत नाहीत, ‘डिपॉझिटमधून वळतं करा’ म्हणतात. किंवा मुदत संपली तरी किल्ली देत नाहीत. पहिल्या डावात भाडं थकवल्याचं कलम मालकाच्या हाती लागतं. दुसरा तर फार महाग पडतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, आणि करारातही तेच लिहिलेलं असतं. आपल्या उदाहरणात रोजचे ८०० रुपये होतात, त्याचे १,६०० होतील. दोन महिने अडून बसलं तर ९६,०००, म्हणजे ज्या डिपॉझिटसाठी अडलो त्याहून जास्त.

यावरचा खरा इलाज करार करतानाच असतो. कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांसाठी घरं घेतात तेव्हा एक वाक्य घालून घेतात: ठरलेल्या दिवशी डिपॉझिट परत न दिल्यास ते मिळेपर्यंत भाडेकरू भाडं न देता राहू शकेल आणि रकमेवर व्याज मिळेल. एकट्यादुकट्या भाडेकरूला सगळे मालक हे देणार नाहीत. पण ‘किल्ली आणि डिपॉझिट एकाच वेळी’ इतकं तरी लिहून घ्याच.

नोटीस कशी द्यायची, हेही करारातच असतं आणि ते सहसा ‘लेखी’ असं असतं. मालकाला फोनवर सांगितलं, तो ‘हो हो, बघू’ म्हणाला, याला नोटीस म्हणत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल चालेल, असं लिहून दोघांचे नंबर आणि पत्ते करारात टाकले तर काम सोपं होतं. नाहीतर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि पावती जपून ठेवा. महिना कुठून मोजायचा तेही स्पष्ट हवं. १० तारखेला दिलेली नोटीस पुढच्या १ तारखेपासून मोजणारे मालक असतात, आणि त्यात वीस दिवसांचं भाडं जातं. ‘नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, भाडं दिवसांच्या हिशेबाने’ असं असलं की झालं.

इथवर लॉक-इन म्हणजे भाडेकरूच्या पायातली बेडी असा सूर लागला असेल, तर तो थोडा सुधारायला हवा. लॉक-इन संपलं की एक महिन्याच्या नोटिशीवर मालकही तुम्हाला काढू शकतो. ११ महिन्यांचा करार आणि ६ महिन्यांचं लॉक-इन, याचा अर्थ तुमचं छप्पर पक्कं आहे ते फक्त सहा महिने. जूनमध्ये मुलाला जवळच्या शाळेत घातलंय आणि डिसेंबरात मालकाने नोटीस दिली, तर? अशा कुटुंबाने उलट दोन्ही बाजूंचं लॉक-इन एप्रिलअखेरपर्यंत मागावं. ज्याची नोकरी फिरतीची आहे त्याने दोन-तीन महिन्यांचंच मागावं. शिवाय करार ११ महिन्यांचाच असला पाहिजे असं कुठेही नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी मुदत कितीही असली तरी सक्तीची आहे, त्यामुळे ११ महिने ठेवून नोंदणी टळत नाही. दोन-तीन वर्षांचा करार करून दरवर्षीची भाडेवाढ आधीच लिहून ठेवता येते.

एजंटचं ठरलेलं उत्तर असतं, ‘असं लिहितातच, पण कोणी लावत नाही.’ लावायचं नसेल तर काढून टाका, असं शांतपणे म्हणावं. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. पण एकदा रीतसर नोंदवला की कागद बोलतो, आणि कलम २४ खालच्या ताब्याच्या प्रकरणात तर लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. जिन्यात उभं राहून दिलेला शब्द तिथे कोणी विचारत नाही.

तेव्हा टोकन देतानाच एजंटला सांगा की कराराचा मसुदा अंगठ्याच्या दिवसाच्या दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. मसुदा संगणकावर असेपर्यंत एक वाक्य बदलायला पाच मिनिटं लागतात. नोंदणी झाल्यावर तेच वाक्य बदलायचं तर दोघांना पुन्हा बसून नवा दस्त करावा लागतो, पुन्हा शुल्क भरावं लागतं, आणि तोवर डिपॉझिट मालकाच्या खात्यात जमा झालेलं असतं.